माती अहवालातला सामू, चुना आणि सोलापूरची जमीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माती परीक्षणाचा अहवाल हातात पडल्यावर सोलापूर, पंढरपूर, माळशिरस, सांगोला, बार्शीकडून जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीचे उत्तर दोनदा देण्याऐवजी त्या त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अहवालात सामू ८.३ लिहिलाय. जमीन आम्लधर्मी झाली म्हणायची का?

नाही, उलट आहे. सामू ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल आणि त्यावर विम्ल. ८.३ म्हणजे जमीन विम्लधर्मी आहे. ही मोजपट्टी दहापटीची आहे हे ध्यानात ठेवा. ७.३ आणि ८.३ यांत फरक एकाचाच दिसतो, पण ८.३ च्या मातीत आम्लाचे कण ७.३ च्या दहाव्या हिश्श्याइतकेच असतात. म्हणून दोन अहवालांत सामू ७.९ वरून ८.३ झाला असेल तर तो किरकोळ बदल समजू नका. मात्र दोन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने तपासले होते का, हे आधी बघा. माती आणि पाण्याचे प्रमाण बदलले तरी आकडा थोडा सरकतो. आपल्याकडे १ भाग माती आणि अडीच भाग पाणी हे प्रमाण प्रचलित आहे.

२. जमीन सुधारायला चुना टाका असं व्हिडिओत सांगतात. आम्ही टाकावा का?

सोलापूर जिल्ह्यातल्या काळ्या किंवा मध्यम काळ्या जमिनीत टाकू नये. चुना हा आम्लतेवरचा उपाय आहे. त्या व्हिडिओतला सल्ला जिथे पाऊस धो धो पडतो आणि जमीन आम्ल होते तिथे खरा असतो, उदाहरणार्थ कोकणातल्या जांभ्याच्या मातीत. आपल्याकडे चुना मातीत आधीच आहे, बऱ्याच शेतांत गरजेपेक्षा कितीतरी जास्त. त्यात आणखी टाकला तर पिकाला काही मिळत नाही, पैसे जातात आणि प्रश्न ६ व ७ मधल्या अडचणी वाढतात.

३. मग आम्ल जमिनीत चुना नेमकं काय करतो?

आम्ल जमिनीत मातीच्या कणांवर आम्ल आणि ॲल्युमिनियम धरून ठेवलेले असते. सामू ५.५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून बाहेर येते आणि मुळांची टोके खुरटतात. मुळे आखूड आणि जाड होतात, त्यांना बारीक फाटे फुटत नाहीत, आणि खाली ओल असूनही पीक सुकते. चुन्याची भुकटी मिसळली की हे घडते:

CaCO₃ + 2H⁺ → Ca²⁺ + H₂O + CO₂

आम्लाचे पाणी होते, वायू उडून जातो, कॅल्शियम कणावर बसते आणि ॲल्युमिनियम न विरघळणाऱ्या रूपात थिजते. स्फुरदाची अडवणूकही सैल होते. या समीकरणात डाव्या बाजूला आम्ल हवेच. सामू ८.३ च्या जमिनीत ते जवळजवळ नसतेच. म्हणून तिथे टाकलेला चुना विरघळत नाही, तसाच पांढरा पडून राहतो.

४. आमच्या रानात कुणी कधी चुना टाकला नाही. मग तो आला कुठून?

खालच्या काळ्या पाषाणातून, म्हणजे बेसॉल्टमधून. या खडकात कॅल्शियम भरपूर असते आणि तो झिजताना ते सुटे होते. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस ते धुऊन नेतो आणि मागे लोह-ॲल्युमिनियमची लाल, आम्ल माती उरते. सोलापुरात पाऊस जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर. तेवढ्याने कॅल्शियम निचरून जात नाही, चुनखडी होऊन थरांत साचते. विहीर किंवा शेततळे खणताना दोन-तीन फुटांवर जे पांढरे खडे लागतात ते हेच. दोन्ही मातींच्या मुळाशी एकच खडक आहे. फरक पावसाने केला.

यात बोअरच्या पाण्याचीही भर पडते. पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर ठिबकच्या ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी खपली धरते. तीच चुनखडी थोडी थोडी मातीतही उतरत असते.

५. अहवाल यायला वेळ आहे. चुनखडी आहे की नाही हे शेतातच कळेल का?

कळेल. कोरडी, चुरलेली चमचाभर माती काचेच्या किंवा चिनी मातीच्या बशीत घ्या आणि तिच्यावर सौम्य केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार-पाच थेंब सोडा. हे आम्ल एक भाग आणि पाणी दहा भाग असे करतात. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीच नाही. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे असू द्या.

मग बशी कानाजवळ न्या. चुनखडी थोडी असेल तर दिसण्याआधी ऐकू येते, तव्यावर मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज. मध्यम असेल तर कणाकणावर बुडबुडे दिसतात. जास्त असेल तर पांढरा फेस उसळून थेंबाभोवती कडे धरतो. वरच्या सहा इंचांची माती आणि फूट-दीड फुटाखालची माती वेगवेगळी तपासा. वर गप्प आणि खाली फसफस, असे हलक्या रानांत पुष्कळदा दिसते. डाळिंबासारख्या फळबागेला खालचाच थर महत्त्वाचा, कारण मुळे तिथे जाणार.

या चाचणीने टक्केवारी कळत नाही. ती प्रयोगशाळेतूनच घ्यावी, आणि नमुना देताना ‘मुक्त चुनखडी’ तपासायची आहे असे स्पष्ट सांगावे. नेहमीच्या तपासणीत ती प्रत्येक ठिकाणी धरलेली नसते.

६. दरवर्षी डीएपी टाकतो, तरी अहवालात स्फुरद कमीच. खत जातं कुठं?

कुठे जात नाही, शेतातच अडकते. दाणा विरघळला की त्यातला स्फुरद भोवतालच्या कॅल्शियमला जाऊन मिळतो. आधी डायकॅल्शियम फॉस्फेट बनते, तेवढे पिकाला थोडेफार घेता येते. पुढच्या आठवड्या-महिन्यांत ते आणखी घट्ट, खडकासारख्या रूपाकडे सरकते आणि मुळांच्या हाती लागत नाही. आम्ल जमिनीत हेच काम लोह आणि ॲल्युमिनियम करतात. स्फुरद सर्वांत मोकळा असतो तो साधारण ६ ते ७.५ सामूच्या पट्ट्यात.

म्हणून आपल्याकडे स्फुरद फेकून देऊ नये. दाणा मातीला जितका जास्त भिडेल तितका लवकर अडकतो. बियाण्याखाली दीड-दोन इंचांवर ओळीत पेरून द्यावा, किंवा चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून सरीत द्यावा. शेणखत कुजताना तयार होणारी सेंद्रिय आम्ले स्फुरदाला काही काळ मोकळे ठेवतात.

अहवालात पद्धतीचे नावही बघा. चुनखडीच्या जमिनीसाठी ओल्सेन पद्धत योग्य, कारण तिचा द्राव स्वतः ८.५ सामूचा असतो. ब्रे पद्धत आम्ल जमिनीसाठी बनवली आहे. आपली माती त्या द्रावातले आम्लच खाऊन टाकते आणि स्फुरद प्रत्यक्षापेक्षा कमी निघतो. त्या आकड्यावर खत वाढवत बसणे हा निव्वळ तोटा आहे.

७. मातीत लोह भरपूर म्हणतात, मग उसाचा खोडवा पिवळा का पडतो?

काळ्या मातीत एकूण लोह खरोखरच पुष्कळ असते, पण ते गंजलेल्या, न विरघळणाऱ्या रूपात असते. सामू एकने वाढला की विरघळलेले लोह सुमारे हजारपट घटते. त्यात चुनखडी ओली झाली की बायकार्बोनेट तयार होते आणि मुळांनी घेतलेले थोडे लोहही पानात नीट वापरले जात नाही. म्हणून पावसाळ्यात किंवा जास्त पाणी दिल्यावर केवडा अचानक उमटतो.

ओळखायचे ते कोवळ्या पानावरून. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, पुढे पांढुरका. खालची जुनी पाने आधी पिवळी होत असतील तर ते लोह नव्हे, नत्राची कमतरता बघा. जस्ताच्या कमतरतेत पाने लहान राहतात, पेरी आखडतात आणि पिवळेपणा पट्ट्यापट्ट्यांनी येतो.

फवारणीसाठी १०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम हिराकस आणि १०० ग्रॅम सायट्रिक आम्ल. सायट्रिक आम्ल आधी विरघळवा, मग हिराकस. आपल्याकडचे पाणी विम्ल असल्यामुळे उलट क्रम केला तर टाकीतच तांबूस गाळ बसतो आणि फवारणी वाया जाते. हिराकस फिकट हिरवी असावी. पोत्यात पिवळी-तपकिरी पडलेली असेल तर ती गंजली आहे, पिकाला उपयोगी राहिलेली नाही. फवारा सकाळी किंवा उतरत्या उन्हात घ्या आणि ८-१० दिवसांनी पुन्हा. हिरवे होतात ती मुख्यत्वे नवी पाने. जुनी पांढरी पडलेली पाने पूर्ण सुधारतील ही अपेक्षा नको.

चिलेटेड लोह घेताना डबीवर काय लिहिले आहे ते वाचा. ईडीटीए लोह फवारणीला चालते, पण चुनखडीच्या मातीत टाकले तर कॅल्शियम त्याची जागा घेते आणि लोह थोड्याच वेळात सुटून बसते. मातीतून किंवा ठिबकमधून द्यायचे असेल तर ईडीडीएचए, ते ९ च्या आसपासच्या सामूपर्यंत टिकते. ते महाग आहे, म्हणून उसाला सरसकट न देता द्राक्ष-डाळिंबाच्या पिवळ्या झाडांपुरतेच द्यावे, हे आमचे मत.

८. एखादा अहवाल घेऊन दाखवा ना, कसा वाचायचा आणि काय करायचं?

उदाहरणादाखल एक एकर खोडवा उसाचा अहवाल घेऊ. सामू ८.३, विद्युत वाहकता ०.४५, सेंद्रिय कर्ब ०.४५ टक्के, मुक्त चुनखडी १२ टक्के, स्फुरद हेक्टरी १० किलो, पालाश हेक्टरी ४३० किलो, लोह ३.१ आणि जस्त ०.४२ पीपीएम.

आधी सामू आणि वाहकता एकत्र वाचा. वाहकता १ च्या खाली आहे, म्हणजे क्षार साचलेले नाहीत. सामू ८.५ च्या खाली आहे, म्हणजे तो बहुधा चुनखडीमुळेच आहे, कारण चुनखडी एकटी सामूला साधारण ८.२ ते ८.४ पर्यंतच नेऊ शकते. त्यामुळे इथे जिप्समचे कारण नाही (प्रश्न १० पाहा). चुनखडी १० टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे खरी अडचण ही. लोहाची किमान पातळी ४.५ आणि जस्ताची ०.६ पीपीएम, दोन्ही त्याखाली. स्फुरद कमी. पालाश मात्र भरपूर, तिथे खताचा खर्च कमी करता येतो.

मग एकरी १० किलो हिराकस आणि ८ किलो झिंक सल्फेट सुमारे दोनशे किलो ओलसर, कुजलेल्या शेणखतात मिसळून सावलीत पाच-सहा दिवस मुरवावे आणि बुडख्याजवळ चर पाडून द्यावे, वर माती ओढावी. नुसती हिराकस मातीवर फेकली तर दोन-चार दिवसांत तिचा गंज होतो. शेणखतात मुरवल्याने लोह सेंद्रिय आम्लांच्या कवेत राहते आणि चुनखडीपासून वाचते. सुपर फॉस्फेट दुसऱ्या बाजूच्या चरात द्यावे. जस्त आणि स्फुरद एकाच घमेल्यात मिसळू नका, दोन्ही एकमेकांना बांधतात. युरिया मातीत झाकूनच द्यावा. चुनखडीच्या रानात वर पडलेल्या युरियाचा अमोनिया होऊन हवेत जातो, आणि दुपारच्या उन्हात ते आणखी वेगाने घडते. पीक आत्ताच पिवळे असेल तर प्रश्न ७ मधली फवारणी लगेच घ्यावी, कारण मातीतली मात्रा लागू पडायला वेळ लागतो.

या एकरात पाचटाची कुट्टी करून ती जागीच कुजवणे हे दर वर्षी करावे असे काम आहे. पाचट जाळले की सेंद्रिय आम्लांचा हा आधार जातो आणि मागे राहणारी राख स्वतः विम्लच असते.

९. गंधक टाकून सामू ७ वर आणता येईल का?

हिशोब मांडून बघा. एक एकर, सहा इंच खोलीची माती ढोबळमानाने ९ लाख किलो. तिच्यात १२ टक्के चुनखडी म्हणजे १०८ टन. १०० किलो चुनखडी संपवायला ३२ किलो गंधक लागते, म्हणजे एकरी सुमारे साडेचौतीस टन. आणि ही चुनखडी पूर्ण संपेपर्यंत सामू फारसा हलत नाही. कोणीही एवढे गंधक टाकू शकत नाही. म्हणून ‘दोन पोत्यांत सामू उतरतो’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

तरी गंधक निरुपयोगी नाही. २० ते २५ किलो बेंटोनाइट गंधक शेणखतासोबत मुळांच्या पट्ट्यात दिले तर जिवाणू त्याचे हळूहळू आम्ल करतात आणि दाण्याभोवती थोड्या जागेत लोह, जस्त, स्फुरद मोकळे होतात. मुळाला तेवढी जागा कामाची असते. जिवाणूंना ओल, ऊब आणि काही आठवडे लागतात, त्यामुळे कोरड्या रब्बी रानात वरून टाकलेले गंधक तसेच पडून राहते. डाळवर्गीय आणि तेलबियांना गंधक अन्नद्रव्य म्हणूनही लागते, तो फायदा वेगळा.

१०. सामू ८.८ आलाय. जिप्सम टाकू का? जिप्सम म्हणजे चुनाच ना?

जिप्सम चुना नाही. त्यात कॅल्शियम आहे, पण ते सल्फेटसोबत, त्यामुळे ते आम्ल मारत नाही. सामू ८.५ च्या वर गेला की सोडियमचा संशय घ्यावा. अशी जमीन चोपण असते. पाणी वर थांबते, वाळली की दगडासारखी होते आणि वापसा लवकर येत नाही. आधी मातीतले विनिमययोग्य सोडियम तपासा. ते १५ टक्क्यांच्या वर असेल तर जिप्समची मात्रा प्रयोगशाळेकडून काढून घ्या.

चोपण जमिनीत चुनखडी असूनही ती उपयोगी पडत नाही, कारण ती विरघळत नाही. जिप्सम लिटरभर पाण्यात सुमारे अडीच ग्रॅम विरघळते, आणि ते कॅल्शियम सोडियमला कणावरून हटवते. हटलेले सोडियम मात्र पाण्यासोबत बाहेर गेले पाहिजे. निचरा नसलेल्या भारी काळ्या रानात नुसते जिप्सम टाकले तर सोडियम तिथेच फिरत राहते. आधी चर, मग जिप्सम, मग भरपूर चांगले पाणी. सोडियम कमी असून सामू फक्त चुनखडीमुळे जास्त असेल तर जिप्समने तो उतरत नाही.

११. डाळिंबावर बोर्डो फवारतो, त्यात चुना असतो. त्यानं जमीन बिघडेल का?

चुन्याने नाही. १ टक्का बोर्डोच्या ४०० लिटरमध्ये चुना फक्त ४ किलो असतो. ज्या एकरात टनावारी चुनखडी आहे तिथे त्याचा हिशोब लागत नाही. वर्षानुवर्षे साचते ते त्यातले तांबे. जुन्या बागेत अहवालातला तांब्याचा आकडा पाहत राहा.

१२. कारखान्याचं प्रेसमड टाकावं का? त्यात चुना असतो म्हणतात.

रस साफ करण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. कार्बोनेशन पद्धतीच्या कारखान्याच्या प्रेसमडमध्ये चुना खूप असतो, ते आपल्या रानाला नको, कोकणच्या आम्ल मातीला उलट चांगले. सल्फिटेशन पद्धतीच्या प्रेसमडमध्ये चुना कमी आणि सेंद्रिय भाग व गंधक असते, ते कुजवून वापरायला हरकत नाही. खात्री नसेल तर प्रश्न ५ मधली आम्लाची चाचणी वाळवलेल्या प्रेसमडवर करा.

१३. सोलापुरातच माझ्या अहवालात सामू ६.१ आलाय. आता तरी चुना टाकू?

आधी अहवालावर शंका घ्या. त्याच जागेची माती घेऊन प्रश्न ५ ची चाचणी करा. ती फसफसली तर सामू ६.१ असूच शकत नाही, कारण मोकळी चुनखडी आणि आम्लता एका ठिकाणी टिकत नाहीत. नमुने बदलले असतील किंवा पुठ्ठ्यावरच्या पट्टीने मोजले असेल. पट्टी मातकट पाण्यात रंग चुकवते.

फसफसली नाही तर नमुना कुठला ते आठवा. मुरमाड, अगदी हलक्या रानात ड्रिपरच्या खालची माती वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट आणि फॉस्फरिक आम्ल घेऊन वितीभर जागेपुरती आम्ल होऊ शकते. दोन ड्रिपरच्या मधली माती घेतली की आकडा वर जातो. अशा ठिकाणी खत बदलणे पुरेसे असते. पॉलिहाउसमधल्या, बाहेरून आणलेल्या लाल मातीच्या वाफ्यांचा मात्र स्वतंत्र विचार करावा, तिथे चुना खरोखर लागू शकतो.

१४. गावाकडं कोकणात थोडी जमीन आहे, तिथला सामू ५.१ आलाय. तिथं किती चुना?

सामूवरून मात्रा ठरत नाही. ५.१ सामूच्या वाळूसर मातीला थोडा पुरतो, चिकण मातीला दुप्पट-तिप्पट लागतो, कारण आम्लाचा मोठा साठा कणांवर असतो. प्रयोगशाळेला ‘चुन्याची गरज’ काढायला सांगा.

समजा एकरी १२०० किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटची गरज निघाली. हातातल्या भुकटीची शुद्धता ८५ टक्के असेल तर १४१० किलो लागेल. विरलेला चुना ८९० किलो पुरतो आणि कळीचा चुना ६७० किलो, पण ते दोन्ही हातांना, डोळ्यांना भाजतात आणि कोवळी मुळे जाळू शकतात. भुकटी पिठासारखी बारीक हवी, खडे वर्षानुवर्षे काम करत नाहीत. पेरणीआधी तीन-चार आठवडे, सहा इंचांपर्यंत मिसळून टाका. युरिया, अमोनियम सल्फेट किंवा ताजे शेणखत त्याच वेळी टाकू नका, नत्र अमोनिया होऊन उडते.

भात खाचरात असेल तर थांबा. चिखलणीनंतर पाणी साचले की काही आठवड्यांत आम्ल मातीचा सामू आपोआप वर चढतो. तिथे चुन्याचा फायदा भातानंतरच्या भुईमूग-कडधान्याला जास्त दिसतो. आणि सामू ६ ते ६.५ च्या पुढे नेऊ नका. जास्त चुन्याने तिथेही लोह-जस्त अडकतात, म्हणजे सोलापूरचा केवडा कोकणात उभा राहतो.

१५. कोकणातून आणलेलं आंब्याचं कलम पहिलं वर्ष हिरवंगार होतं, आता पिवळं पडलंय. खत कमी पडलं का?

बहुतेक वेळा नाही. कलम पिशवीतल्या लाल मातीत वाढलेले असते. मुळे त्या गोळ्यात आहेत तोवर त्यांना लोह मिळत राहते, गोळ्याबाहेर पडली की चुनखडी लागते. झाडापासून दोन फुटांवर दोन-अडीच फूट खोल खड्डा घेऊन मातीवर आम्ल टाका. खालचा थर जोरात फसफसला तर खत वाढवू नका. झाडाच्या घेराखाली शेणखतात मुरवलेली हिराकस चर काढून द्या, ईडीडीएचए लोह ठिबकमधून द्या आणि पाणी बेताने द्या. नवी लागवड करायची असेल तर ही चाचणी खड्डा घेतानाच करावी. पांढऱ्या थरावर आंबा लावू नये.